तीन दिवसांत, की तीन दिवसांनी?

काही वर्षांपूर्वी एका चिनी कथेचा मराठी अनुवाद करत होते. कथेच्या मध्यावर एक छोटं वाक्य होतं. त्याच्या सांगाड्यावर बेतलेलं एक साधं वाक्य इथे देते, उच्चार मराठीच्या जवळ आणून: ‘फूछिन त्सोउ-ल सान थ्येन, शिन त्साय ताओ.’ शब्द सगळे ओळखीचे. फूछिन म्हणजे वडील, त्सोउ म्हणजे जाणं, सान थ्येन म्हणजे तीन दिवस, शिन म्हणजे पत्र, ताओ म्हणजे पोहोचणं. मी लिहिलं, ‘वडील गेल्यावर तीन दिवसांनी पत्र आलं.’ आणि पुढच्या वाक्याकडे वळले.

मसुदा वाचणारी माझी एक चिनी मैत्रीण आहे. तिला मराठी येत नाही, म्हणून मी तिला प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत जाते. या वाक्यापाशी तिने थांबवलं. म्हणाली, ‘तुझ्या वाक्यात पत्र वेळेवर आलं की उशिरा?’ मी म्हटलं, ‘तीन दिवसांनी आलं.’ ती म्हणाली, ‘ते कळलं. पण माझ्या वाक्यात ते उशिरा आलंय. फार उशिरा.’

तिचं बोट ‘त्साय’ या एका अक्षरावर होतं. मी ते अनुवादात घेतलंच नव्हतं. तिने मला एक गंमत करून दाखवली. त्साय काढून तिथे ‘ज्यौ’ ठेवला आणि शेवटी ‘ल’ जोडला: ‘फूछिन त्सोउ-ल सान थ्येन, शिन ज्यौ ताओ-ल.’ आता घरात वेगळंच वातावरण झालं. वडील नोकरीसाठी लांब गेले आणि बघता बघता, तीनच दिवसांत, त्यांची खुशाली कळवणारं पत्र दारात. पहिल्या वाक्यात मात्र वडील कायमचे गेले आहेत आणि ज्या पत्राची त्यांनी वाट पाहिली ते आता आलं आहे. चिनीतलं ‘त्सोउ’ आणि मराठीतलं ‘गेले’ या दोहोंत प्रवासाला जाणंही आहे आणि मरणंही. त्या दोन अर्थांपैकी कोणता धरायचा, हे वाक्याच्या टोकाला असलेलं एक क्रियाविशेषण सुचवत होतं. तीन हा आकडा दोन्हीकडे तीनच होता.

ज्यौ आणि त्साय ही जोडी चिनी शिकणाऱ्यांना पहिल्या वर्षातच भेटते. ज्यौचा स्वर वरून खाली येणारा, त्सायचा खालून वर जाणारा. त्सायचा आरंभ आपल्या ‘चाक’मधल्या दंत्य च-सारखा, फक्त श्वास जरा जोराने सोडून. शिक्षक फळ्यावर दोन वाक्यं लिहितात: तो आठला ज्यौ आला, तो आठला त्साय आला. पहिल्यात तो लवकर आला, दुसऱ्यात उशिरा. घड्याळात दोन्ही वेळा आठच वाजलेत. लवकर की उशीर हे घड्याळ ठरवत नाही, बोलणाऱ्याची अपेक्षा ठरवते. रोज पहाटे तीनला झोपणारा माणूस रात्री बाराला झोपला, तर त्याच्याबद्दल ‘बाराला ज्यौ झोपला’ म्हणतील. नऊला झोपणाऱ्या पोराबद्दल ‘बाराला त्साय झोपलं’ म्हणतील.

पण फळ्यावरचा हा नियम पाठ केला तरी एक प्रश्न उरतो. ज्यौने लवकर आणि त्सायने उशिरा का सांगावं? उलट का नाही? या दोन शब्दांच्या पोटात असं काय आहे? ते शोधायला मागे जावं लागतं, आणि मागे गेल्यावर दिसतं की मुळात या दोघांपैकी एकाचाही घड्याळाशी संबंध नव्हता.

ज्यौ हे आधी क्रियापद होतं. अर्थ: जवळ जाणं, एखाद्या गोष्टीला जाऊन भिडणं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मेन्शियसच्या संवादांत पाणी उताराकडे धावतं, तिथे हेच क्रियापद आहे. ते अजून मेलेलं नाही. जागेवर जाऊन बसणं, नोकरीला लागणं, अंथरुणाला टेकणं, डॉक्टरकडे जाणं, या सगळ्यांसाठीच्या औपचारिक चिनी जोडशब्दांत पहिलं अक्षर ज्यौच असतं. उत्तरेकडच्या बोलीत तर दारूबरोबर शेंगदाणे खायचे असतील तरी ज्यौ म्हणतात. आपण ज्याला तोंडी लावणं म्हणतो, तेच. एक गोष्ट दुसरीला लागून.

‘लागून’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. मराठीत ‘लागलीच’ कुठून आलं ते पाहा. लागणं म्हणजे चिकटणं, भिडणं. लगत म्हणजे शेजारी. आणि त्याच घराण्यातलं ‘लगोलग’ म्हणजे मध्ये वेळ न जाऊ देता. जागेतली जवळीक काळातली जवळीक झाली. दोन घटनांमध्ये फट नसली की दुसरी पहिलीच्या पाठोपाठ येते. ज्यौचा प्रवास असाच झाला: जवळ जाणं, मग लागून असणं, मग लागलीच.

चिनीत हा प्रवास पहिल्यांदा होत नव्हता, हे आणखी रंजक आहे. ज्यौच्या कितीतरी आधी हे काम ‘जी’ नावाचा शब्द करत असे. तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या लेखनात जी-चं अक्षर म्हणजे चित्रच आहे: अन्नाच्या भांड्यासमोर गुडघे टेकून बसलेला माणूस. जेवणाजवळ गेलेला. त्या ‘जवळ जाण्या’तून जी-ला ‘ताबडतोब’ हा अर्थ आला. संस्कृतातून चिनीत गेलेल्या बौद्ध ग्रंथांच्या वाचकांना हा शब्द सतत भेटतो. कुमारजीवाने 406 साली सद्धर्मपुंडरीक सूत्राचा अनुवाद केला. त्यात आनंदित शारिपुत्र उठून हात जोडतो, तिथे हाच जी आहे. तो लगेच उठतो.

जी-च्या जोडीला मध्ययुगात ‘प्येन’ हा शब्द आला. त्याचा मूळ अर्थ सोयीचं, सहज. जे सहज घडतं ते लगेच घडतं, असा तिथला रस्ता. कुमारजीवाच्या अनुवादांत जी आणि प्येन दोघेही नांदतात, कधी एकत्र जोडूनही येतात. पुढे बोलभाषेत प्येन वरचढ झाला. ज्यौ या रांगेत सर्वांत उशिरा उभा राहिला. युआन आणि मिंग काळात, म्हणजे साधारण तेराव्या शतकापासून पुढे, तो बोलीच्या जवळच्या लेखनात वाढत गेला. अठराव्या शतकातल्या ‘लाल हवेलीचं स्वप्न’ या प्रचंड कादंबरीत प्येन आणि ज्यौ दोन्ही आहेत. आज प्येन पुस्तकी झाला आहे आणि घराघरात ज्यौ बोलला जातो. शब्द बदलले, पण जी आणि ज्यौ यांनी दीड-दोन हजार वर्षांच्या अंतराने तीच पायवाट तुडवली. भाषेला एकदा सापडलेली वाट तिने पुन्हा शोधली.

त्सायची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण या शब्दाला स्वतःचं असं अक्षरच नव्हतं. उच्चार होता, अर्थ होता, आणि लिहिणारे हाताला येईल ते समध्वनी अक्षर उसनं घेत. इ.स.पू. 178मध्ये सूर्यग्रहण झालं. ते अपशकुन मानून हान वंशाच्या वन सम्राटाने स्वतःचा खर्च कमी करण्याची आज्ञा काढली. राजाच्या अश्वशाळेच्या प्रमुखाने जेमतेम पुरतील इतकेच घोडे ठेवावेत आणि बाकीचे टपालाच्या ठाण्यांना द्यावेत, असं तिच्यात आहे. ‘जेमतेम’साठी तिथे जे अक्षर आहे त्याचा एरवीचा अर्थ ‘संपत्ती’. काटकसरीच्या आज्ञेत संपत्ती हे अक्षर! सातव्या शतकातल्या यान शिगू या भाष्यकाराला म्हणून टीप द्यावी लागली की हे अक्षर इथे ‘त्साय’साठी वापरलं आहे. दुसऱ्या ठिकाणी त्यासाठी ‘कापड कापणं’ हे अक्षर दिसतं. पुढे बराच काळ प्रतिष्ठित ठरलेलं अक्षर तर रेशमाचं. इ.स. 100च्या सुमारास शू शनने तयार केलेल्या ‘श्वोवन’ या कोशात त्याचा अर्थ दिला आहे: चिमणीच्या डोक्याच्या रंगाचं रेशीम. 1956च्या लिपी-सुलभीकरणात ते तेवीस रेघांचं रेशमी अक्षर रद्द होऊन तीन रेघांचं साधं अक्षर पक्कं झालं. त्या साध्या अक्षराला त्याच शू शनने जमिनीतून नुकत्याच वर येणाऱ्या कोंबाचं चित्र म्हटलं होतं.

हाडांवरच्या लेखनाचे आजचे अभ्यासक शू शनची प्रत्येक व्युत्पत्ती मान्य करत नाहीत, आणि कोंबाच्या चित्रावर मीही फार भार टाकणार नाही. पण त्यातली कल्पना शब्दाच्या वापराशी जुळते. त्साय म्हणजे नुकतं सुरू झालेलं, फार पुढे न गेलेलं. अश्वशाळेच्या आज्ञेत ते मोजमापात आहे: जेमतेम. काळात आलं की ‘आत्ताच, नुकतंच’. आजही ‘तो त्साय आला’ म्हणजे तो नुकताच आला.

मग नुकतंच-मधून ‘उशिरा’ कसं निघालं? इथे मला मराठीच मदतीला आली. कुणी दुपारी तीनला फोन करून विचारलं की जेवण झालं का, आणि आपण म्हटलं, ‘आत्ता कुठे बसतोय’, तर त्या ‘आत्ता कुठे’त दोन गोष्टी आहेत. एक, जेवण नुकतं सुरू होतंय. दोन, एव्हाना ते आटोपायला हवं होतं. ज्या क्षणी आपण पुष्कळ पुढे असायला हवं त्या क्षणी आपण आरंभालाच आहोत. तोच उशीर. तीन वाजता ‘नुकतं’ असणं म्हणजे तीनपर्यंत मागे असणं. त्सायने काळाबद्दल नवीन काही शिकलं नाही. ‘जेमतेम एवढंच’ हा जुना अर्थ त्याने घड्याळाशेजारी नेऊन ठेवला.

हे लक्षात आलं की विद्यार्थ्यांना छळणारं एक कोडं सुटतं. ‘त्साय तीन तास’ म्हटलं तर तीन तास थोडे असतात: तीनच तास झालेत. पण ‘तीन तास, त्साय लिहून झालं’ म्हटलं तर तेच तीन तास खूप असतात. एकच शब्द थोडंही सांगतो आणि फारही? नाही. त्साय नेहमी आपल्यापुढे येणाऱ्या गोष्टीला जेमतेम ठरवतो. पहिल्या वाक्यात पुढे तास आहेत, म्हणून तास थोडे. दुसऱ्यात पुढे ‘लिहून होणं’ आहे. ते जेमतेम गाठलं, म्हणून मागे पडलेले तास फार. वाचताना आकडा त्सायच्या कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावं, निम्म्या चुका तिथेच टळतात. ज्यौच्या बाबतीतही हे पाहावं लागतं, कारण आकडा पुढे आला तर ‘ज्यौ तीन माणसं’ म्हणजे ‘तीनच माणसं’, आणि तिथे दोन विरोधक जवळजवळ जुळे दिसू लागतात. आकडा आधी आला की त्यांची तोंडं पुन्हा दोन दिशांना होतात.

हे दोन शब्द एकाच वाक्यात एकमेकांचे सोबतीही होते. बाराव्या शतकातल्या जू शी या तत्त्ववेत्त्याने शिष्यांना बोलून दाखवलेले विचार 1270मध्ये एकत्र संकलित झाले. ते बोलीच्या जवळ आहेत, म्हणून भाषेच्या अभ्यासकांना ते खजिन्यासारखे. त्यात एक बांधणी पुन्हा पुन्हा येते: पहिल्या भागात त्साय, दुसऱ्यात प्येन. नुकतं अमुक झालं की लगेच तमुक. पुढे प्येनच्या जागी ज्यौ आला आणि बांधणी तशीच राहिली. आजचा चिनी माणूसही ‘त्साय जेवला, ज्यौ निघाला’ म्हणतो: जेवण होतंय न होतंय तोच निघाला. ‘त्साय अठरा वर्षांची, ज्यौ लग्न झालं’ म्हणतो: जेमतेम अठराची, तोवर लग्नही झालं. एक जण आरंभ किती अलीकडचा ते सांगतो, दुसरा पुढची घटना किती लगटून आली ते सांगतो.

अटींच्या वाक्यांतही हीच मुळं दिसतात. ‘तू गेलास, मी ज्यौ जाईन’ यात तुझ्या जाण्याला माझं जाणं चिकटून आहे. तुझं जाणं पुरेसं. ‘तू गेलास, मी त्साय जाईन’ यात माझं जाणं तिथे कुठे सुरू होतं. तुझ्याआधी ते नाहीच. मराठीत पहिलं ‘तू गेलास की मी जाईन’ आणि दुसरं ‘तू गेलास तरच मी जाईन’. वचन देणं आणि अडून बसणं यांत जेवढा फरक, तेवढा या दोन अक्षरांत.

या सदराचे वाचक अनेक भाषांत वावरतात, म्हणून एक तुलना. उशिरासाठी हिंदीत सुंदर शब्द आहे: ‘जाकर’. ‘आठ बजे जाकर आया’, ‘तब कहीं जाकर’. इथेही जाणं आहे. पण चिनीत जाण्याच्या क्रियापदातून लवकर निघालं आणि हिंदीत उशीर! विरोध वरवरचा आहे. ज्यौमधलं जाणं हे जवळ पोहोचण्याचं आहे, त्यात अंतर मिटतं. हिंदीतलं ‘जाकर’ हे वाट तुडवून झाल्यावरचं आहे, त्यात अंतर जाणवतं. कँटनी चिनीत पुन्हा वेगळंच: तिथे ज्यौचा भाऊ आहे, पण त्सायच्या जागी ‘आधी’ आणि ‘येऊन पोहोचणं’ या अर्थांचे शब्द बोलले जातात.

आता माझ्या वाक्याकडे परत येते. मैत्रिणीने टोकल्यावर मी आधी मराठीवर रागावले होते, की आपल्याकडे असे शब्द नाहीत. ते खोटं होतं. मराठीने हे काम अगदी बारीक प्रत्ययांवर सोपवलं आहे. ‘तीन दिवसांत’ आणि ‘तीन दिवसांनी’. ‘त’ने फट मिटवली, ‘नी’ने उघडी ठेवली. ज्यौच्या वाक्यासाठी ‘वडील गेले आणि तीन दिवसांतच पत्र आलं’ एवढं पुरतं. पण ‘नी’ उशीर ठामपणे सांगत नाही, फक्त नंतर सांगतो. माझा पहिला मसुदा म्हणूनच चुकीचा नव्हता, मुका होता.

मग मी ‘कुठे’ घालून पाहिलं: ‘तीन दिवसांनी कुठे पत्र आलं.’ उशीर आला, पण सोबत कुरकुर आली. मराठीतला ‘कुठे’ वाट पाहून वैतागलेला असतो, आणि एकदाचं झालं म्हणून सुटकाही त्यात असते. कथेतला निवेदक वैतागलेला नव्हता आणि सुटलेला तर नव्हताच. ‘अखेर’ घातलं तर शेवट गोड झाल्यासारखं वाटलं. ‘उशिरा’ हा शब्द थेट लिहिला तर जे मूळ लेखकाने एका अक्षरात दडवलं होतं ते मी चव्हाट्यावर मांडलं असतं.

वाट दाखवली ती त्या गळालेल्या ‘ल’ने. ज्यौच्या वाक्याच्या शेवटी ‘ल’ येतो, म्हणजे अमुक घडलं, परिस्थिती बदलली, ही बातमी. घडून गेलेल्या गोष्टीच्या त्साय-वाक्यात तो सहसा येत नाही, आणि ‘ल’ लावणं ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक असते. कारण त्सायच्या वाक्यात पत्र आलं ही बातमीच नसते. ते धरून चाललेलं असतं. बातमी असते ती केव्हा आलं याची. मला मराठीत असं वाक्य हवं होतं ज्यात पत्राचं येणं मागे राहील आणि वेळ पुढे येईल. शेवटी लिहिलं, ‘पत्र आलं ते वडील गेल्यावर तीन दिवसांनी.’

शब्द जवळजवळ पहिल्या मसुद्यातलेच, फक्त एक ‘ते’ जास्त आणि क्रम उलटा. मैत्रिणीला मी त्याचा अर्थ सांगितला आणि हेही सांगितलं की ‘आलं ते’ म्हटल्यावर मराठी वाचक पुढच्या शब्दांसाठी थांबतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘हां. आता वडील वारलेत.’